मित्राने किंवा मैत्रिणीने पहिली गाडी घेतली, भेट काय द्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भेट निवडताना सर्वात आधी काय बघावं?

ती वस्तू गाडीला कायमची चिकटणार आहे की गरज पडेल तेव्हा बाहेर निघून परत जागेवर जाणार आहे, एवढं बघा. चिकटणारी, स्क्रूने बसणारी किंवा वायर कापून जोडावी लागणारी वस्तू म्हणजे दुसऱ्याच्या गाडीबद्दल आपण घेतलेला निर्णय. पहिली गाडी घेणाऱ्याने रंगापासून सीटच्या कापडापर्यंत सगळं महिनोन्‌महिने ठरवलेलं असतं. त्यात आपली आवड घुसवू नये. शिवाय भेट मिळालेली वस्तू काढून ठेवणं माणसाला जड जातं. देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून ती वर्षभर तशीच राहते, मग ती समोरचा रस्ता झाकत असली तरी.

डिकीत किंवा सीटखाली राहणारी, महिन्यातून दोनदा हातात येणारी वस्तू मात्र कुणालाच अडचणीची होत नाही. माझ्या मते अशा भेटींत एक वस्तू बाकी सगळ्यांच्या पुढे आहे. या पानावर निम्म्याहून जास्त जागा तिलाच दिली आहे.

एकच वस्तू द्यायची झाली तर कोणती?

टायरमध्ये हवा भरणारा छोटा पंप, ज्याला सगळे इन्फ्लेटर म्हणतात, आणि त्याच्यासोबत हवा मोजायचा वेगळा गेज. कार असो, स्कूटर असो, मोटरसायकल असो किंवा विजेवर चालणारी गाडी, टायर सगळ्यांना आहेत आणि हवा सगळ्यांची उतरते. हवेचा दाब पीएसआय या एककात मोजतात, आणि धडधाकट टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा आपोआप कमी होते. कार आणि दुचाकी दोन्हींच्या व्हॉल्व्हचं तोंड सहसा एकाच मापाचं, श्रेडर पद्धतीचं असतं. त्यामुळे कारसाठी घेतलेला पंप पुढे घरातल्या दुचाकीलाही चालतो.

नवीन चालकाला हवा कमी झालेली डोळ्यांनी कळत नाही, हे खरं कारण. आताचे कारचे टायर असे असतात की ३३ ऐवजी २६ पीएसआय हवा असली तरी उभ्या गाडीकडे बघून फरक ओळखता येत नाही. ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, टायरच्या दोन्ही कडा आधी झिजतात, इंधन जास्त जातं, वेगात टायर तापतो. यातलं काहीही नवख्याला पहिल्या वर्षात जाणवत नाही, कारण त्याच्याकडे तुलना करायला जुना अनुभव नसतो. दुचाकीवर तर पुढच्या टायरची हवा कमी असली की हँडल जड लागतं आणि नवीन माणूस समजतो की गाडीच अशी आहे.

पण गाडीतच हवेचा इशारा देणारा दिवा असतो ना? मग गेज कशाला?

दिवा चांगला आहे, पण तो उशिरा लागतो. बऱ्याच गाड्यांमध्ये हवा ठरलेल्या आकड्यापेक्षा साधारण पाव भाग खाली गेल्यावर तो पेटतो. म्हणजे ३३ पीएसआय हवी असेल तर २५ च्या आसपास. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच. चाक किती वेगाने फिरतंय यावरून गाडी अंदाज बांधते. अशा गाडीत हवा भरल्यावर पडद्यावरच्या मेनूतून ती यंत्रणा पुन्हा शून्यावर आणावी लागते, नाहीतर चुकीच्या पायावर तुलना चालू राहते. भेट देताना मित्राला हे एक वाक्य सांगून ठेवा.

हळू गळणारा टायर दिव्याच्या कितीतरी आधी गेजवर कळतो. त्याचं उदाहरण पुढच्या उत्तरात आहे.

प्रत्यक्ष कसा उपयोग होतो? एखादं उदाहरण सांगाल का?

माझ्या एका मैत्रिणीने पहिली छोटी हॅचबॅक घेतली तेव्हा आम्ही काही जणांनी मिळून तिला पंप आणि गेज दिला, सोबत एक छोटी वही. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर जो स्टिकर दिसतो त्यावर चारही चाकांसाठी ३३ पीएसआय लिहिलेलं होतं. तो आकडा आम्ही वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहिला.

भेट दिल्यानंतर पहिल्याच सकाळी मोजलं तर चारही टायर ४० च्या वर होते. नवीन गाड्या कारखान्यातून निघून बराच काळ उभ्या राहतात, ट्रकवर बांधून येतात, म्हणून कधीकधी हवा मुद्दाम जास्त भरलेली असते आणि गाडी देताना ती कमी करायची राहून जाते. गाडी खड्ड्यांवर आपटते असं ती आठवडाभर म्हणत होती, त्याचं कारण तिथे सापडलं. हवा सोडून चारही ३३ वर आणले.

दोन आठवड्यांनी आकडे होते ३३, ३२.५, ३३ आणि मागच्या डाव्या चाकाचा ३०. तिने तो भरून ३३ केला. आणखी दोन आठवड्यांनी तीन टायर ३२ ते ३३ च्या दरम्यान, आणि मागचा डावा पुन्हा २९. खरी माहिती या दोन ओळींतच आहे. चारही टायरची हवा सारखीच उतरली तर हवामान किंवा नेहमीची झीज. एकाचीच उतरली तर त्या टायरला कुठेतरी वाट आहे.

मग एका बाटलीत पाणी आणि भांड्यांचा साबण मिसळून आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर टाकलं. बुडबुडे आले नाहीत. आले असते तर आतली पिन सैल आहे किंवा तिच्यात कचरा अडकला आहे असं समजायचं. पिन दोन मिनिटांत बदलता येते. मग गाडी थोडी थोडी पुढे घेत टायरच्या पृष्ठभागावर पाणी टाकलं. एका खाचेत बारीक बुडबुडे सारखे वर येत होते. तिथे एक छोटा स्क्रू डोक्यापर्यंत रुतलेला होता. तो तिने तिथे उपटला नाही, कारण उपटला असता तर हवा झपाट्याने गेली असती. टायर ३३ पर्यंत भरून ती जवळच्या पंक्चरवाल्याकडे गाडी घेऊन गेली.

इशाऱ्याचा दिवा या सगळ्या काळात एकदाही लागला नव्हता.

हवा कधी आणि कशी मोजायची, हे मित्राला काय सांगावं?

टायर थंड असताना मोजायची. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे किंवा दीड किलोमीटरपेक्षा कमी चाललेली आहे. चालून आलेल्या टायरमध्ये ३ ते ५ पीएसआय जास्त दिसतात. नवीन माणूस इथेच सर्वात जास्त चुकतो. लांबून आल्यावर मोजतो, आकडा ३७ दिसतो, हवा सोडून ३३ करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर २९ वर असतो. गरम टायरची हवा कधी सोडू नये.

हवामानाचाही हिशोब आहे. तापमान ५ ते ६ अंश सेल्सियसने उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. थंडी सुरू झाल्यावर चारही टायर एकदम २ पीएसआयने खाली दिसले तर घाबरायचं कारण नाही, भरून घ्यावेत.

कोणता आकडा धरायचा, यातही गोंधळ होतो. टायरच्या बाजूवर छापलेला दाबाचा आकडा हा तो टायर जास्तीत जास्त किती दाब सहन करेल याचा असतो. तेवढी हवा भरायची नसते. आपल्या गाडीचा आकडा दाराच्या खांबावर, इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा माहितीपुस्तिकेत असतो. दुचाकीवर तो चेनच्या कव्हरवर, मागच्या चाकाच्या दांड्यावर किंवा सीटखाली सापडतो आणि पुढच्या-मागच्या चाकाचा वेगळा असतो. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आणखी वेगळा. काही ठिकाणी तो बारमध्ये किंवा किलोपास्कलमध्ये लिहिलेला असतो. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय आणि १०० किलोपास्कल, एवढं वहीत लिहून ठेवलं की पुरे.

पंप विकत घेताना काय तपासावं?

तीन गोष्टी बघा, बाकी जाहिरातीतल्या गोष्टींनी फारसा फरक पडत नाही.

पहिली, वीज कुठून घेतो. कारमधल्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून चालणारा पंप कारसाठी उत्तम, कारण तो ऐनवेळी चार्ज नाही असं होत नाही. तो साधारण १० अँपियर घेतो, म्हणून पंपावर लिहिलेला अँपियरचा आकडा गाडीच्या सॉकेटच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावा, नाहीतर फ्यूज उडतो. वायर आणि नळी मिळून मागच्या चाकापर्यंत पोचते का, हे बघितल्याशिवाय घेऊ नका. खोका उघडल्यावर पुढच्या दोन चाकांपर्यंतच पोचणारे पंप मी पाहिले आहेत. पंप चालवताना इंजिन सुरू ठेवावं म्हणजे बॅटरी उतरत नाही, मात्र बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, तिथे विषारी धूर साचतो. दुचाकीला बहुधा असं सॉकेट नसतं, त्यामुळे तिथे आतली बॅटरी असलेला, हातात मावणारा पंप लागतो. तो उन्हात उभ्या गाडीत महिनोन्‌महिने ठेवू नये, लिथियम बॅटरी उष्णतेने खराब होते. घरी ठेवावा आणि मोठ्या प्रवासाला निघताना चार्ज करून सोबत घ्यावा.

दुसरी, ठरवलेल्या आकड्यावर आपोआप थांबतो का. ३३ लावलं की ३३ वर बंद व्हायला हवा. नवख्याच्या हातून जास्त हवा भरली जाण्याची भीती यामुळे उरत नाही.

तिसरी, सलग किती वेळ चालवता येतो. छोटे पंप १० ते १५ मिनिटं चालले की त्यांना थंड होऊ द्यावं लागतं, पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. २६ वरून ३३ वर न्यायला छोट्या कारच्या एका टायरला दोन-तीन मिनिटं पुरतात, म्हणून नेहमीच्या कामात अडचण येत नाही. पूर्ण बसलेला टायर मात्र वेळ खातो. काम झाल्यावर नळीचं पितळी तोंड चांगलंच तापलेलं असतं, हे मित्राला आधीच सांगा.

दुचाकीसाठी घेत असाल तर एक चौथी गोष्ट. लहान चाकाच्या स्कूटरवर व्हॉल्व्ह आणि ब्रेकची डिस्क यांच्यात इतकी कमी जागा असते की पंपाचं सरळ तोंड आत शिरत नाही. काटकोनात वळलेला छोटा जोड सोबत घ्या. त्या जोडाशिवाय पंप मिळालेला स्कूटरवाला पुन्हा पेट्रोल पंपावरच जाणार.

पंपावर आकडा दिसतोच, मग वेगळा गेज का घ्यायचा?

कारण पंपावरचा आकडा एक-दोन पीएसआय इकडेतिकडे असणं सर्रास होतं, आणि हवा चालू असताना दिसणारा आकडा आणखी चुकतो. पंप काढल्यावर वेगळ्या गेजने मोजलं की खरं कळतं. गेज ६० पीएसआयपर्यंतचाच घ्या. १५० पर्यंत जाणाऱ्या काट्याच्या गेजवर ३१ आणि ३३ मधला फरक वाचता येत नाही. दर वेळी तोच गेज वापरावा. तो १ पीएसआयने चुकत असला तरी दर वेळी तेवढाच चुकेल, आणि कोणता टायर मागे पडतोय हे ओळखायला तेवढं पुरतं.

मित्राने टायरमध्ये नायट्रोजन भरलाय. त्याला पंप उपयोगी आहे का?

हो. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दोन्ही एकत्र झाल्याने काही बिघडत नाही. हवा कमी असलेला टायर घेऊन नायट्रोजनच्या शोधात फिरण्यापेक्षा साधी हवा भरून टायर पूर्ण ठेवणं कधीही चांगलं.

व्हॉल्व्हवर बसणारी रंगीत धातूची झाकणं देऊ का? छोटी आणि छान वाटतात.

नको. ॲल्युमिनियमचं झाकण पितळी व्हॉल्व्हवर ओलाव्यात राहिलं की दोन धातूंच्या संपर्काने गंजून तिथेच घट्ट बसतं. मग हवा भरायची म्हटली तर ते निघत नाही, पक्कड लावली तर व्हॉल्व्ह तुटण्याची भीती, आणि चाकात सेन्सर असेल तर तो व्हॉल्व्हसकट बदलावा लागू शकतो. गाडीबरोबर आलेली काळी प्लास्टिकची झाकणं आपलं काम नीट करतात.

पंक्चर दुरुस्तीचा किट द्यावा का?

आधी टायर ट्यूबलेस आहे का बघा, टायरच्या बाजूवर तसं लिहिलेलं असतं. तारांच्या चाकाच्या मोटरसायकलींमध्ये बऱ्याचदा ट्यूब असते आणि तिथे चिकट दोरीचा किट काहीच कामाचा नाही. ट्यूबलेस असेल तरी तो किट पृष्ठभागावरच्या साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकासाठी आहे. टायरच्या बाजूला भोक पडलं असेल तर तिथे दोरी घालून गाडी चालवू नये. हाताने करायची आवड असलेल्या मित्राला जरूर द्या. बाकीच्यांच्या डिकीत तो खोका न उघडता पडून राहतो.

हेल्मेट भेट देणं योग्य आहे का?

दुचाकी घेणाऱ्यासाठी याहून महत्त्वाची वस्तू नाही. पण अंदाजाने आणलेलं हेल्मेट देऊ नका. सैल हेल्मेट धडकेत डोक्यावरून निघून जाऊ शकतं आणि घट्ट हेल्मेट माणूस पंधरा मिनिटांत काढून हातात अडकवतो.

मित्राला सोबत दुकानात न्या. भुवयांच्या किंचित वर, डोक्याचा सर्वात मोठा घेर येतो तिथे टेप लावून माप घ्या आणि त्या कंपनीच्या तक्त्यावरून आकार निवडा, कारण प्रत्येक कंपनीचा मध्यम आकार सारखा नसतो. घातल्यावर गाल आत दाबले गेलेले जाणवले पाहिजेत. पट्टा लावून हेल्मेट डावी-उजवीकडे हलवलं तर गालांची कातडीही सोबत हलली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरता कामा नये. मागची कड धरून ते पुढे लोटून बघा, कपाळावरून निघत असेल तर ते मोठं आहे. मग पंधरा मिनिटं घालूनच दुकानात थांबा. कपाळावर एकाच ठिकाणी दुखायला लागलं तर आकार बरोबर असूनही त्या हेल्मेटची घडण त्याच्या डोक्याची नाही.

जिथे गाडी चालवायची तिथलं अधिकृत मानकाचं चिन्ह हेल्मेटवर असलं पाहिजे. अनेक देशांत चालणारं अलीकडचं मानक म्हणजे ईसीई २२.०६. आपलं जुनं हेल्मेट कितीही चांगलं दिसत असलं तरी भेट म्हणून देऊ नका. एकदा जोरात आपटलेल्या हेल्मेटचा आतला फोम दबलेला असतो आणि वरून ते दिसत नाही.

कारसाठी सीट कव्हर चालेल का?

बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतूनच बाहेर येते. सीटच्या बाहेरच्या बाजूला शिवणीजवळ एअरबॅगची छोटी पट्टी दिसली तर जाड, सलग शिवलेलं कव्हर तिची वाट अडवू शकतं. त्या गाडीसाठी बनवलेलं, त्या जागी उघडणारं कव्हर मिळतं, पण ते मालकानेच निवडावं.

याच कारणाने डॅशबोर्डवर, प्रवाशाच्या समोर, कुठलीही मूर्ती, फोटोफ्रेम किंवा अत्तराची बाटली चिकटवणारी भेट नको. तिथे आत एअरबॅग असते आणि ती पापणी लवायच्या आत उघडते. वर ठेवलेली वस्तू तेवढ्याच जोराने समोरच्या माणसाकडे येते. आरशाला लटकणाऱ्या वस्तूंबद्दल वेगळी तक्रार आहे. नवीन चालक रस्त्याच्या कडेचा माणूस शोधत असतो आणि डोळ्यांसमोर काहीतरी हलत असतं.

पायाखालचे मॅट तर निरुपद्रवी आहेत ना?

सगळ्या भेटींत याच वस्तूची मला सर्वात जास्त काळजी वाटते. २००९ साली अमेरिकेत एका लेक्सस गाडीत दुसऱ्या मॉडेलचा रबरी मॅट टाकलेला होता. ॲक्सिलरेटर त्यात अडकला, गाडी थांबवता आली नाही आणि चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्या कंपनीने मॅटच्या कारणावरून सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत दुरुस्तीची मोहीम काढली.

ड्रायव्हरच्या बाजूचा मॅट त्याच मॉडेलचा असावा, जमिनीवरच्या हुकांत अडकलेला असावा आणि एकावर एक दोन मॅट कधीही नसावेत. जुन्या मॅटवर नवा सुंदर मॅट टाकणं ही नेमकी तीच चूक आहे. मॅट द्यायचाच असेल तर मॉडेल आणि साल विचारून घ्या, जुना काढून स्वतः बसवून द्या, आणि गाडी बंद असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडून बघा, तो मोकळा वर येतो का.

मोबाइल होल्डर कसा आहे?

कारमध्ये उपयोगी, फक्त एसीच्या जाळीत अडकवायचा जड फोनने जाळी तोडतो, म्हणून मजबूत क्लिपचा घ्या. मोटरसायकलवर जरा थांबा. जास्त ताकदीच्या इंजिनांची थरथर हँडलमधून पोचून फोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता यंत्रणा बिघडवू शकते, असा इशारा २०२१ साली ॲपलनेच आयफोनबाबत दिला होता. थरथर शोषणारा रबरी जोड असलेला होल्डर मिळतो. तसा मिळत नसेल तर होल्डर देऊ नका.

कोणत्या वस्तू अजिबात देऊ नयेत?

सीट बेल्टच्या खाचेत घालायची खोटी क्लिप, जी घातली की बेल्ट न लावताही इशारा थांबतो. ती विनोद म्हणूनही देऊ नका.

जोरदार हॉर्न आणि जास्त उजेडाचे दिवे. ते बसवायला कारखान्याची वायर कापावी लागते, पुढे विजेची तक्रार आली की कंपनी त्याच कापलेल्या वायरकडे बोट दाखवते, आणि वॉरंटीचा वाद नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. साध्या बल्बसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घातला तर उजेड विखुरतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

स्टिअरिंगवर ओढायचं जाड कव्हर. ते थोडं जरी सैल असलं तर वळणात चाक आत फिरतं आणि कव्हर हातात राहतं.

पातळ अत्तराच्या बाटल्या. सांडलेलं तेल डॅशबोर्डच्या प्लास्टिकवर कायमचा डाग पाडतं, आणि बंद गाडीत तोच वास कुणाचं डोकं दुखवतो.

गाडीवर घालायचं कव्हर?

गाडी रोज बाहेर निघत असेल तर ते पंधरा दिवसांत घडी होऊन पडतं. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर ओढलं की धूळ रंगावर घासली जाते आणि बारीक ओरखडे पडतात. न श्वास घेणाऱ्या कापडाखाली ओलावा साचतो. मोटरसायकलवर गरम सायलेन्सरला ते चिकटून वितळतं. आठवडे-आठवडे गाडी उभी ठेवणाऱ्यालाच त्याचा उपयोग.

दुचाकीवाल्यासाठी पंप आणि हेल्मेट सोडून आणखी काय?

हातमोजे, तेही त्याच्या हातावर घालून बघून. पडताना माणूस पहिल्यांदा हात टेकतो. तळहाताला जाड थर आणि मनगटाला पट्टा असावा.

डिस्क लॉक चांगली भेट आहे, पण चाकाला डिस्क ब्रेक असेल आणि तिच्या भोकांत लॉकची पिन बसत असेल तरच. त्याच्यासोबत हँडलला बांधायची चमकदार रंगाची आठवणीची दोरी असलीच पाहिजे. लॉक विसरून गाडी पुढे काढली की लॉक ब्रेकवर आपटतो, ब्रेक बिघडतो आणि माणूस पडतो.

चेनचं स्प्रे देण्याआधी चेन उघडी आहे का बघा. स्कूटरला बहुधा चेन नसते, तिथे आत पट्टा असतो, आणि मित्र ती बाटली घेऊन काय करायचं विचारत राहील.

भेट कशी द्यावी म्हणजे ती वापरली जाईल?

खोका हातात देऊन निघू नका. गाडी आल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीच्या सकाळी, गाडी कुठेही निघायच्या आधी जा. मित्रालाच स्टिकर शोधू द्या, आकडा वहीत लिहू द्या. पहिला टायर तुम्ही मोजून दाखवा, उरलेले त्याला मोजू द्या. व्हॉल्व्हचं झाकण खिशात ठेवायचं, जमिनीवर नाही, ते तिथून हरवतं. गेज तिरका लागला की फुसफुस आवाज येतो आणि आकडा कमी दिसतो, म्हणून सरळ दाबून पुन्हा मोजायचं. स्टेपनी असेल तर तीही मोजायला लावा, कारण तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही आणि गरज पडते तेव्हा ती बसलेली सापडते. छोटी, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिचा दाब बहुधा खूप जास्त, ६० पीएसआय असतो. तो तिच्यावरच लिहिलेला असतो आणि वहीत वेगळा लिहावा लागतो.

अर्धा तास लागतो. वहीत पहिली ओळ भरलेली असली की पंधरा दिवसांनी दुसरी ओळ तो स्वतः लिहितो.